"मी सह्या घेतलो" की "घेतल्या"? भूतकाळातले क्रियापद कर्माशी जुळवून कसे पाहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मराठी लिहायला नव्याने बसलेल्या माणसाची वर्तमानकाळातली आणि भविष्यकाळातली वाक्ये सहसा बिनचूक उतरतात. घोळ होतो तो भूतकाळात, आणि तोही ठरावीक जागी: "मी काम केलो", "तो भाकरी खाल्ला", "बाईंनी सही केलं". बाजारात, शेतात, घरात असे बोलले तर कुणाचे काही अडत नाही. ती इथली बोली आहे आणि बोलीला बोलीचा कायदा असतो. पण अर्ज, इतिवृत्त, बातमी किंवा परीक्षेचा पेपर प्रमाण मराठीत लिहायचा असेल तर प्रत्येक वाक्य तपासावे लागते. ते कसे तपासायचे, एवढेच इथे सांगितले आहे.

आधी चूक कुठून येते ते पाहू, कारण मूळ कळले की शोधायचे कुठे तेही कळते. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याचे ऐकते. "अवनु रोट्टी तिंदनु", "अवळु रोट्टी तिंदळु", "नानु रोट्टी तिंदेनु". खाणारा बदलला की क्रियापद बदलले, रोट्टीला कुणी विचारत नाही. मराठीत नेमके उलटे आहे. त्याने भाकरी खाल्ली, तिने भाकरी खाल्ली, मी भाकरी खाल्ली, पोरांनी भाकरी खाल्ली. खाणारा कुणीही असो, भाकरी एक आणि स्त्रीलिंगी आहे म्हणून "खाल्ली". कन्नडची दुसरी सवय म्हणजे माणसे सोडली तर बाकी सगळे नपुंसक. भाकरी, अर्ज, सही, पत्र हे सारे "ते". म्हणून इथल्या लिखाणात दोन वेगवेगळ्या चुका दिसतात. एकीत क्रियापद कर्त्यामागे जाते (मी सही केलो). दुसरीत ते सगळीकडे "लं" होऊन बसते (मी सही केलं). दोन्हींचा उपाय निराळा आहे, म्हणून कुठली चूक आहे ते ओळखा. त्याच वाक्यात कर्ता बदलून बघा: क्रियापद हलले तर पहिली चूक. मग कर्म बदलून बघा: क्रियापद जागचे हलले नाही तर दुसरी.

पहिली पायरी: कर्त्याला "ने" लागतो का?

वाक्यातला कर्ता काढा आणि त्या जागी "त्याने" ठेवा. "त्याने अर्ज दिला" जमते. "त्याने गावाला गेला" जमत नाही. जिथे जमत नाही तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालते: तो गेला, ती गेली, मी गेलो. ती वाक्ये या तपासणीतून बाजूला काढा.

हे "त्याने" ठेवून बघणे "मी", "आम्ही", "तू", "तुम्ही" असलेल्या वाक्यांत फार उपयोगी पडते. या चार शब्दांना "ने" दिसत नाही. "मी गेलो" आणि "मी अर्ज दिला" या दोन्हींत "मी" दिसायला सारखाच आहे, आणि "मी गेलो"च्या ओघात "मी दिलो" लिहिले जाते. "मी"च्या जागी "त्याने" बसवला की "त्याने दिलो" हे कानाला लगेच खटकते.

"तू" असेल तर शेवटी एक "स" आणि "तुम्ही" असेल तर "त" चिकटतो: तू अर्ज दिलास, तू सही केलीस, तुम्ही सही केलीत, तू सह्या केल्यास. तपासताना तो "स" किंवा "त" झाकून ठेवा. मागे जे उरते (दिला, केली, केल्या) ते कर्माप्रमाणे आहे का, एवढेच बघायचे.

काही क्रियापदे फसवी आहेत. शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे यांना कर्म असले तरी ती प्रमाण मराठीत कर्त्यामागेच जातात: तो धडा शिकला, ती धडा शिकली, ती पावती विसरली, ती साडी नेसली. पण "शिकणे"चे "शिकवणे" झाले की "ने" परत येतो: बाईंनी धडा शिकवला, बाईंनी कविता शिकवली. "म्हणणे" दोन्हीकडचे आहे. बोलण्याच्या अर्थी "ती म्हणाली", पण गाण्याच्या किंवा पाठ म्हणण्याच्या अर्थी "तिने कविता म्हटली". "पिणे"ची दोन्ही रूपे चालतात: तो चहा प्याला, त्याने चहा प्यायला. एवढी पाठ करा, बाकीची वाचताना भेटतील तशी वहीत उतरवा.

"मला" असलेली वाक्ये वेगळीच. मला कुंदा आवडला, मला पावती मिळाली, मला पैसे सापडले. इथे "ने" नाही, पण क्रियापद आवडलेल्या, मिळालेल्या, सापडलेल्या वस्तूचेच ऐकते. त्यामुळे तिसऱ्या पायरीपासून पुढची तपासणी त्यांनाही तशीच लागू पडते.

दुसरी पायरी: कर्म उघडे आहे की "ला" लावलेले?

क्रियापदाला "काय?" विचारा. काय दिले? काय भरले? काय घेतले? जे उत्तर येईल त्याला "ला" किंवा "ना" लागला आहे का ते पाहा.

लागला नसेल, म्हणजे शब्द उघडा असेल, तर क्रियापद त्याच्याशी जुळायला हवे. लागला असेल, तर त्या शब्दाची क्रियापदावरची सत्ता संपली. "आईने मुलीला बोलावले", "आईने मुलांना बोलावले", "पोलिसांनी दोघींना सोडले". सगळीकडे "ले", कारण जुळवायला उघडे काही उरलेच नाही. "आईने मुलीला बोलावली" असे बोलताना पुष्कळदा कानावर पडते, पण प्रमाण लेखनात "बोलावले"च लिहा.

दोन कर्मे असतील तर उघडे कर्म राज्य करते. "गटाने सभासदाला पावती दिली." पावती उघडी आहे, म्हणून "दिली". सभासद बाई असो की पुरुष, काही फरक पडत नाही.

"काय?"चे उत्तर एक अख्खे वाक्य असेल तर नेहमी "ले": सचिवांनी सांगितले की रक्कम जमा झाली आहे. पुढे रक्कम स्त्रीलिंगी आहे म्हणून "सांगितली की" होत नाही. "काय सांगितले?" याचे उत्तर रक्कम नाही, रक्कम जमा झाल्याची गोष्ट आहे.

तिसरी पायरी: कर्माचे लिंग

अंदाज करू नका. शब्दाआधी "चांगला, चांगली, चांगले" लावून बघा, किंवा "माझा, माझी, माझे". माझा अर्ज, माझी सही, माझे खाते. तेच अक्षर क्रियापदाच्या शेवटी यायला हवे: अर्ज दिला, सही दिली, खाते काढले. लिखाणात "चा, ची, चे" आधीच हजर असेल तर काम आणखी सोपे होते. तो शब्द आणि क्रियापद एकाच स्वरावर संपतात का ते बघा.

रस्त्याची दुरुस्ती केली.
रस्त्याचे काम केले.
रस्त्याचा काही भाग खोदला.

"रस्त्याची दुरुस्ती केला" हे वाक्य या एका नजरेत पकडले जाते. लिहिणाऱ्याच्या मनात "रस्ता" घोळत असतो आणि रस्ता पुल्लिंगी आहे. पण काय केले? दुरुस्ती केली. "रस्ता दुरुस्त केला" असे लिहिले असते तर "केला" बरोबर, कारण तिथे रस्ताच उघडा आहे आणि "दुरुस्त" हे नुसते विशेषण. "अर्जाची तपासणी केली" आणि "अर्ज तपासला", "कर्जाची परतफेड केली" आणि "कर्ज फेडले" या जोड्याही अशाच. सरकारी थाटाच्या मराठीत "चौकशी केली, पाहणी केली, नोंद केली" यांचा सुकाळ असतो, म्हणून ही चूक तिथेच सर्वांत जास्त सापडते.

शेवटच्या अक्षरावरून लिंग ओळखायला गेलात तर "ई"वर संपणारे शब्द फसवतात. पाणी, दही, लोणी नपुंसक आहेत: पाणी भरले, लोणी कढवले. हत्ती, पक्षी, मोती पुल्लिंगी आहेत. "पाणी भरली" लिहिणारा "ई म्हणजे स्त्रीलिंग" हा अर्धवट नियम लावत असतो. खाण्यापिण्याच्या शब्दांत चहा, गूळ, कुंदा पुल्लिंगी. साखर, कॉफी स्त्रीलिंगी. दूध, मीठ, तेल नपुंसक.

खानापूरकडच्या माणसाच्या रोजच्या कामाचा एक शब्द तर अर्थाप्रमाणे लिंग बदलतो. ताटातला शिजवलेला भात पुल्लिंगी: भात खाल्ला. शेतातले भात नपुंसक: भात कापले, भात मळले. बोलताना दोन्हीकडे "भात कापला" चालून जाते, पण कोशात ही वेगळी आहेत आणि लिहिताना ती वेगळी ठेवलेली बरी.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचे लिंग वापरावरून ठरलेले असते. फॉर्म भरला, फोटो काढला, चेक दिला. बस पकडली, फी भरली. बिल भरले, तिकीट काढले. काही शब्दांबद्दल मराठीतच एकमत नाही. "मशीन" काहीजण नपुंसक वापरतात, काहीजण स्त्रीलिंगी. अशा वेळी एक धरा आणि सबंध मजकुरात तेच ठेवा.

चौथी पायरी: एक की अनेक?

इथे मराठी लेखनात एक अडचण आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. सहा प्रकारच्या कर्मांसाठी शेवट मात्र चारच आहेत. "ला" म्हणजे पुल्लिंगी एक. "ल्या" म्हणजे स्त्रीलिंगी अनेक. या दोघांबद्दल शंका नसते. पण "ले" पुल्लिंगी अनेकांचाही आहे आणि नपुंसक एकाचाही: आंबे खाल्ले, केळे खाल्ले. आणि "ली" स्त्रीलिंगी एकीचीही आहे आणि नपुंसक अनेकांचीही: भाकरी खाल्ली, केळी खाल्ली. जुन्या छापील पुस्तकांत "केळें खाल्लें", "केळीं खाल्लीं" असे अनुस्वार देऊन नपुंसक रूपे वेगळी दाखवत. १९६२च्या लेखननियमांनी ते अनुस्वार गेले, आणि डोळ्याला दिसणारा फरकही गेला.

म्हणून तपासताना वाक्याच्या शेवटी "आहे" किंवा "आहेत" जोडून मोठ्याने म्हणा. पत्र पाठवले आहे. अर्ज पाठवले आहेत. पावती पाठवली आहे. पत्रे पाठवली आहेत. जिभेवर "आहेत" आपोआप आला तर कर्म अनेक आहे. तपासून झाले की तो शब्द खोडून टाका. नपुंसक एकवचनाला आणखी एक कसोटी आहे: बोलताना "पाठवलं" म्हणता येत असेल तर ते नपुंसक एकवचन. "अर्ज पाठवलं" प्रमाण बोलण्यात होत नाही, म्हणजे "अर्ज पाठवले" हे अनेक अर्जच.

नपुंसक अनेकवचन नवख्यांना सर्वांत अवघड जाते, कारण "ली" दिसली की बाई आठवते. बेळगाव तालुक्यात रताळी पुष्कळ पिकतात, तेव्हा हेच उदाहरण घ्या. एक रताळे काढले, दहा रताळी काढली. "रताळी काढल्या" ही चूक "ई"कारान्त शब्द स्त्रीलिंगी समजल्याने होते. "काढल्या" हवे असेल तर कर्म भाकऱ्या, सह्या, पावत्या, याद्या अशा वळणाचे लागते.

उलट अर्ज, ठराव, दगड असे व्यंजनान्त पुल्लिंगी शब्द अनेकवचनातही तसेच राहतात. "सभासदांनी अर्ज दिला" आणि "सभासदांनी अर्ज दिले" या दोन वाक्यांत किती अर्ज आले ते फक्त क्रियापद सांगते. पहिल्यात सगळ्यांचा मिळून एकच अर्ज आहे. कर्जाच्या कागदात हा फरक लहान नाही.

दोन वस्तू "आणि"ने जोडल्या असतील तर क्रियापद सहसा शेवटच्या वस्तूशी जुळते: साखर आणि गूळ आणला, गूळ आणि साखर आणली. कानाला बोचत असेल तर "दोन्ही वस्तू आणल्या" करून मोकळे व्हा.

एक मजकूर तपासून पाहू

बचत गटाच्या इतिवृत्ताचा हा नमुना आहे. मुद्दाम चुका ठेवलेल्या आहेत, पण असल्या चुका खऱ्या वह्यांत रोज दिसतात.

"दुपारी तीन वाजता सभा सुरू झाली. अध्यक्षबाईंनी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचली. सचिवांनी जमाखर्चाची माहिती दिले. सहा सभासदांनी कर्जाचे अर्ज दिली. दोघींनी थकलेले हप्ते भरल्या. खजिनदारबाईंनी पावती फाडली. मी सर्वांच्या सह्या घेतलो. पुढच्या सभेची तारीख ठरवलं. शेवटी सर्वजणी चहा घेतल्या."

"सभा सुरू झाली" या वाक्यात "त्याने" बसत नाही. सोडून द्या, बरोबर आहे.

इतिवृत्त "वाचली" का झाले? अध्यक्ष बाई आहेत म्हणून. पण "सभेचे इतिवृत्त" यातला "चे" समोरच उभा आहे, तेव्हा "वाचले".

"माहिती दिले" ही चूक आदरातून आली आहे. "सचिव आले" असे आदरार्थी बहुवचन लिहायची सवय असते आणि तेच इथेही लावले जाते. पण "नी" लागला की आदर तिथेच संपतो, क्रियापदापर्यंत पोचत नाही. जमाखर्चाची माहिती, म्हणून "दिली". त्याच न्यायाने "अध्यक्षांनी ठराव मांडले" याचा अर्थ मोठ्या अध्यक्षांनी एक ठराव मांडला असा होत नाही, अनेक ठराव मांडले असा होतो.

"अर्ज दिली" मध्ये "आहेत" जोडून बघा: अर्ज दिले आहेत. सहा सभासद, सहा अर्ज, म्हणून "दिले". "कर्जाचे" मधला "चे" इथे पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे, नपुंसकाचा नाही. चा-ची-चे बघण्याची मर्यादा हीच: "चे" दिसला की नपुंसक एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांत निवड करायला "आहेत"ची मदत घ्यावी लागते.

"हप्ते भरल्या" हा "दोघीं"चा प्रताप. हप्ते पुल्लिंगी अनेक, म्हणून "भरले".

"पावती फाडली" बरोबर आहे, पण इथे थांबा. लिहिणाऱ्याने पावतीकडे बघून लिहिले की खजिनदारबाईंकडे बघून, ते या वाक्यावरून कळत नाही. कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी असले की चूक झाकली जाते. स्वतःची सवय तपासायची असेल तर अशा वाक्यात कर्ता पुरुष करून पुन्हा लिहा: खजिनदार साहेबांनी पावती... इथे हात "फाडला"कडे किंवा "फाडले"कडे वळला तर आधीचे वाक्य नशिबाने बरोबर आले होते. सरावासाठी वाक्ये तयार करताना कर्ता आणि कर्म यांचे लिंग नेहमी वेगळे ठेवा.

"मी सह्या घेतलो" हे तर इथले खास. "त्याने" ठेवा, सह्या बघा: "मी सह्या घेतल्या".

"तारीख ठरवलं" मध्ये कर्ता लिहिलेलाच नाही, तरी ठरवणारे कुणीतरी आहेतच, "सर्वांनी" म्हणा. सभेची तारीख, म्हणून "ठरवली".

शेवटच्या वाक्यात दोन दुरुस्त्या आहेत आणि त्या जोडीनेच कराव्या लागतात. "सर्वजणी"ला "नी" नाही आणि क्रियापद बायकांमागे गेले आहे. नुसते क्रियापद बदलून "सर्वजणी चहा घेतला" केले तर वाक्य आणखी बिघडते. "सर्वजणींनी चहा घेतला" असे हवे.

दुरुस्त मजकूर असा: "दुपारी तीन वाजता सभा सुरू झाली. अध्यक्षबाईंनी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले. सचिवांनी जमाखर्चाची माहिती दिली. सहा सभासदांनी कर्जाचे अर्ज दिले. दोघींनी थकलेले हप्ते भरले. खजिनदारबाईंनी पावती फाडली. मी सर्वांच्या सह्या घेतल्या. पुढच्या सभेची तारीख ठरवली. शेवटी सर्वजणींनी चहा घेतला."

आपला मजकूर तपासताना पेन्सिलीने फक्त दोन खुणा करा. उघड्या कर्माखाली एक रेघ आणि क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराभोवती एक गोल. कर्त्याला खूण करू नका, कारण नजर तिकडे गेली की हातही तिकडेच जातो. ज्या वाक्यात गोल आहे पण रेघ सापडत नाही, तिथे एक तर कर्माला "ला" लागलेला आहे, किंवा कर्म अख्खे वाक्य आहे, किंवा क्रियापद जाणे-येणे यांच्या घरचे आहे.